डिस्चार्जचं घड्याळ कधी सुरू होतं?

सकाळी साडेनऊला राउंडवर आलेले डॉक्टर टाके पाहतात आणि म्हणतात, ‘छान आहे सगळं, आज घरी जा.’ पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला पेशंट लगेच घरी फोन करतो, मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो, दहा वाजता पिशव्या भरून तयार असतात. प्रत्यक्षात गेट पास हातात पडतो संध्याकाळी पाच चाळीसला. हा नमुनादाखल रचलेला प्रसंग आहे. पण शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात कॅशलेस विम्यावर उपचार घेतलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. सेवेच्या गुणवत्तेतल्या दऱ्या समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागत नाही.

या दऱ्यांची मांडणी ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथमल आणि लिओनार्ड बेरी यांनी 1985 साली केली. त्यांनी बँका, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि यंत्रदुरुस्ती या चार सेवांमधल्या व्यवस्थापकांशी आणि ग्राहकांशी सविस्तर बोलून पाहिलं. ग्राहकाला जी सेवा अपेक्षित होती आणि जी मिळाल्यासारखी वाटली, त्यांतलं अंतर म्हणजे पाचवी दरी. ती ग्राहकाला जाणवते. पण ती तयार होते संस्थेच्या आतल्या चार दऱ्यांमुळे: ग्राहकाला काय हवं आहे हे व्यवस्थापनाला न कळणं, कळलं तरी त्याचं योग्य मानकात रूपांतर न होणं, मानक असूनही ते पाळलं न जाणं, आणि बाहेर दिलेला शब्द व आतलं काम यांचा मेळ न बसणं. या मांडणीचं खरं मोल असं, की तक्रार काउंटरवर ऐकू आली म्हणून दोषही काउंटरवरच असेल, हे ती गृहीत धरत नाही.

आता ते आठ तास दहा मिनिटं कुठे गेली ते पाहू. राउंड संपवून डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेले, सोबत निवासी डॉक्टरही. डिस्चार्ज समरी लिहायची ती त्यांनीच. ती सव्वाबाराला लिहून झाली, एक वाजता वरिष्ठांची सही झाली. न वापरलेली औषधं फार्मसीला परत गेली, लॅबचे राहिलेले चार्जेस चढले आणि एक वीसला फाइल बिलिंगला पोचली. दोन दहाला बिल तयार झालं, दोन वीसला विम्याच्या डेस्कवरून टीपीएकडे गेलं. साडेतीनला तिथून शंका आली: एका तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नाही. तो पाठवला, पाच वाजता मंजुरी आली. मग विम्यात न बसणाऱ्या हातमोज्यांसारख्या वस्तूंचे पैसे भरणं, पावती, वॉर्डमध्ये सिस्टरांकडून औषधं समजून घेणं आणि गेट पास.

समजा, या रुग्णालयाचं लेखी मानक आहे, ‘डिस्चार्जचं बिल दोन तासांत.’ घड्याळ सुरू होतं फाइल बिलिंगला पोचल्यावर. त्या हिशेबाने काम पन्नास मिनिटांत झालं, म्हणजे उत्तम. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने मे 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे, उशिरामुळे रुग्णालयाने काही जादा आकारणी केली, तर ती कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे. इथे मंजुरी दोन तास चाळीस मिनिटांत आली. तेही मानकात बसलं. प्रत्येकाने आपापली वेळ पाळली आणि पेशंट दिवसभर पलंगावर बसून राहिला.

म्हणूनच ही दरी तिसरी नव्हे, दुसरी आहे. मानक पाळलं गेलं; ते मोजायला सुरुवातच चुकीच्या जागेवरून झाली. पेशंटचं घड्याळ डॉक्टरांच्या तोंडच्या ‘घरी जा’ या शब्दांबरोबर सुरू झालं होतं. साडेनऊ ते एक वीस हा जवळजवळ चार तासांचा तुकडा कोणत्याही विभागाच्या अहवालात दिसत नाही, कारण तो कोणाच्याच मालकीचा नाही. अशा वेळी व्यवस्थापन बिलिंगच्या कर्मचाऱ्यांना सौजन्याचं प्रशिक्षण देतं. त्यांच्यावर हा अन्यायच आहे.

पहिली दरीही इथेच सापडते. व्यवस्थापनाला वाटतं, पेशंटला लवकर सुटका हवी. ते खरं आहे, पण अपुरं. रांगेत थांबणाऱ्यांच्या मनाचा विचार करताना डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये नोंदवलं होतं, की किती थांबायचं हे ठाऊक नसलेली आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते. नातेवाइकाला दहा वाजताच ‘चार-पाच वाजतील, टीपीएकडे वेळ लागतो’ असं कळलं असतं, तर त्याने रजा दुपारनंतरची टाकली असती, पेशंटच्या जेवणाचं पाहिलं असतं, गाडी बोलावून परत पाठवली नसती. ही गरज समाधानाच्या फॉर्मवर उमटत नाही, कारण फॉर्म दिला जातो गेट पाससोबत, घरी जायची घाई असताना.

चौथ्या दरीचा विचार करताना बहुतेकांना जाहिरात आठवते. रुग्णालयात मात्र सर्वांत वजनदार आश्वासन डॉक्टर देतात, तेही सहज बोलता बोलता. ‘आज घरी जा’ हा त्यांच्या लेखी वैद्यकीय निर्णय असतो. पेशंट तो वेळेचा शब्द समजतो.

दुरुस्ती यातूनच सुचते. ज्यांचं घरी जाणं आदल्या संध्याकाळी जवळजवळ ठरलेलं आहे, त्यांच्या समरीचा मसुदा रात्रीच तयार करता येतो, औषधं परत करता येतात, रिपोर्ट जोडले आहेत का ते तपासता येतं. सकाळी फक्त शेवटची तपासणी आणि सही उरते. सगळ्यांच्या बाबतीत हे जमणार नाही. रात्रीचा ताप किंवा सकाळचा रक्ताचा रिपोर्ट निर्णय बदलू शकतो. पण मोजमाप राउंडपासून गेट पासपर्यंत धरलं, तर किमान हा वेळ कुठे मुरतो ते दिसू लागेल.

दरी मोजण्यासाठी याच तिघांनी 1988 मध्ये ‘सर्व्हक्वाल’ ही बावीस विधानांची प्रश्नावली मांडली. विश्वासार्हता, तत्परता, आश्वस्तता, आत्मीयता आणि दृश्य सोयी या पाच अंगांवर ग्राहक आधी अपेक्षा आणि मग अनुभव सातपैकी गुणांत सांगतो. अनुभवातून अपेक्षा वजा करायची. वरच्या पेशंटने वेळ पाळण्याला अपेक्षेत 6 आणि अनुभवात 3 गुण दिले, तर उत्तर उणे 3.

इथेच या पद्धतीची मोठी अडचण आहे. सरकारी रुग्णालयात जमिनीवर गादी मिळेल एवढीच आशा धरून आलेल्या बाईने अपेक्षेला 2 आणि अनुभवाला 3 गुण दिले, तर उत्तर येतं अधिक 1. आकड्यांवरून तिची सेवा खासगी रुग्णालयापेक्षा सरस ठरते. क्रोनिन आणि टेलर यांनी 1992 मध्ये अपेक्षा बाजूला ठेवून फक्त अनुभव मोजावा असं सुचवलं. त्याने वजाबाकीची ही अडचण टळते, पण कमीतच भागवायची सवय असलेल्या माणसाने उदारपणे दिलेले गुण तसेच राहतात. शिवाय टाके नीट घातले का, औषध योग्य होतं का, हे पेशंटला ठरवता येत नाही. म्हणून सरकारी रुग्णालयात समाधानाच्या गुणांशेजारी किती वेळ थांबावं लागलं, पलंग मिळाला का आणि जंतुसंसर्ग किती झाले, या नोंदी हव्यातच. त्या ठेवण्यासाठी बाईला काही विचारावं लागत नाही.