वायव्य कोपऱ्यातून निघालेला हिशोब

कमीत कमी वाहतूक खर्च काढायचा, आणि पहिल्याच पायरीला खर्चाकडे ढुंकूनही बघायचे नाही. ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात ‘वायव्य कोपरा’ पद्धतीचा प्रश्न असतो तो नेमका असा. कोष्टकाच्या डाव्या-वरच्या घरात मावेल तेवढा माल भरा, ओळ संपली तर खाली उतरा, स्तंभ संपला तर उजवीकडे सरका. दर काहीही असोत, उत्तर तेच. विद्यार्थ्यांना हा वेडेपणा वाटतो आणि तसे वाटणे रास्त आहे. या पद्धतीला किंमत आली ती तिच्यानंतर येणाऱ्या तपासणीमुळे. ही तपासणी सुचायला बरीच वर्षे जावी लागली.

एक उदाहरण घेऊ. क, ख, ग या तीन गोदामांत अनुक्रमे 50, 40 आणि 60 पोती आहेत. प, फ, ब या बाजारांना 30, 50 आणि 70 पोती हवी आहेत. दर पोत्यामागचे भाडे रुपयांत असे:

| | प | फ | ब | साठा |
|---|---|---|---|---|
| क | 3 | 6 | 7 | 50 |
| ख | 5 | 8 | 4 | 40 |
| ग | 6 | 3 | 6 | 60 |
| मागणी | 30 | 50 | 70 | 150 |

साठा आणि मागणी दोन्ही 150. हे आधी पाहून घ्यायचे. आता कोपऱ्यातून निघू. क कडून प ला 30 पोती, उरलेली 20 फ ला. फ ला अजून 30 हवीत, ती ख देईल. ख ची राहिलेली 10 ब ला, आणि ग ची सगळी 60 ब ला. भाडे 90, 120, 240, 40 आणि 360, एकूण 850 रुपये. पाच घरे भरली. तीन ओळी आणि तीन स्तंभ यांच्या बेरजेतून एक वजा केला की पाचच येतात, आणि पुढचे सगळे या पाचावर उभे आहे.

850 हा आकडा चांगला की वाईट, हे कसे ठरवायचे? सोव्हिएत रेल्वेवरील सिमेंट, मीठ वगैरे मालाच्या वाहतुकीचा विचार करताना ए. एन. टॉलस्टॉय यांनी 1930 मध्ये याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्या एका उदाहरणात 10 उगमस्थाने आणि 68 मुक्काम होते. मार्गांचे एक बंद वर्तुळ घ्यायचे, त्यातल्या काही मार्गांवर माल वाढवायचा, काहींवर तेवढाच घटवायचा, आणि खर्च उतरतो का पाहायचे, ही त्यांची दिशा. दिशा बरोबर होती, पण एवढ्या मोठ्या जाळ्यात वर्तुळे शोधत बसायची तर दिवस पुरणार नाहीत. 1941 मध्ये अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी हा प्रश्न आज पुस्तकांत दिसतो त्या रूपात मांडला. युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये जहाजवाहतुकीचे काम पाहणारे ट्यालिंग कूपमन्स स्वतंत्रपणे त्याच प्रश्नापाशी पोहोचले.

खरी उडी किमतींची होती. लिओनिद कांतोरोविच आणि गावुरिन यांनी प्रत्येक ठिकाणाला एक आकडा चिकटवला आणि त्याला ‘पोटेन्शियल’ म्हटले. त्यांचे हे काम 1949 मध्ये छापले गेले. आपल्याकडे हीच कल्पना u-v किंवा ‘मोडी’ पद्धत म्हणून शिकवतात. भरलेल्या प्रत्येक घरात ओळीचा आकडा अधिक स्तंभाचा आकडा बरोबर त्या घराचे भाडे, एवढीच अट. आकडे सहा आणि अटी पाच, म्हणून एक आकडा आपण शून्य धरतो, बाकीचे ओळीने उलगडत जातात. क ला 0 दिला की प 3, फ 6. मग ख 2, ब 2, आणि ग 4.

आता रिकामी घरे तपासायची: भाडे वजा दोन आकड्यांची बेरीज. क-ब मध्ये 5, ख-प मध्ये 0, ग-प मध्ये उणे 1, ग-फ मध्ये उणे 7. उणे म्हणजे त्या वाटेने एक पोते नेले की तेवढे रुपये वाचतात. प्रत्येक घराचे वर्तुळ वेगळे शोधायची गरज उरली नाही, वजाबाकीने काम भागले.

सर्वांत जास्त उणे ग-फ, म्हणून माल तिकडे वळवू. ग-फ वाढले की ग-ब घटते, ख-ब वाढते, ख-फ घटते. घटणाऱ्या घरांत 60 आणि 30 आहेत, म्हणून 30 च पोती हलवता येतात. वाचले 210, खर्च 640.

आकडे पुन्हा काढायचे, आणि इथे बहुतेक जण फसतात. पहिल्या फेरीत ग-प उणे होते म्हणून तेही लगेच भरून टाकावेसे वाटते. पण नव्या आकड्यांत (क 0, ख उणे 5, ग उणे 3, प 3, फ 6, ब 9) ग-प अधिक 6 झाले आहे. उलट क-ब, जे मघाशी अधिक 5 होते, ते आता उणे 2 आहे. तपासणी एखाद्या रस्त्याचे गुण सांगत नाही, ती सध्याच्या आराखड्याबद्दल बोलते. आराखडा बदलला की निकालही बदलतो.

क-ब भरू. तिकडे जाताना क-फ आणि ग-ब घटतात, 20 पोती हलतात, 40 रुपये वाचतात, खर्च 600. आता वाटप असे: क-प 30, क-ब 20, ख-ब 40, ग-फ 50, ग-ब 10. आकडे क 0, ख उणे 3, ग उणे 1. प 3, फ 4, ब 7. रिकाम्या घरांत 2, 5, 7, 4, सगळे शून्याच्या वर. थांबा.

का थांबायचे, हे उत्तरपत्रिकेत कोणी लिहीत नाही. कोणताही दुसरा आराखडा घ्या, त्याचा खर्च म्हणजे 600 अधिक त्याने या चार रिकाम्या घरांत टाकलेल्या दर पोत्यामागे 2, 5, 7 किंवा 4 रुपये. म्हणून 600 च्या खाली कोणी जाऊ शकत नाही. क-ब हा क चा सर्वांत महाग रस्ता, तरीही उत्तमात उत्तम आराखड्यात तो आहे. स्वस्त रस्ता आधी भरणारी लघुतम खर्च पद्धत या उदाहरणात पहिल्या फटक्यात 600 वरच येते, पण तिला ते कळत नाही. तपासणी तिलाही करावी लागते.

जॉर्ज डँट्झिग यांनी 1951 मध्ये आपली सिम्प्लेक्स पद्धत या कोष्टकावर बसवली. तेव्हा पाच भरलेल्या घरांचे महत्त्व कळले. वायव्य कोपरा सुरुवातीची अशी पाच घरे हातात देतो, एवढ्यासाठीच तो शिकवायचा. तोही कधी दगा देतो. मागणी 30, 60, 60 असती तर ख आणि फ एकाच वेळी संपले असते, चारच घरे भरली असती आणि आकड्यांची साखळी तुटली असती. मग एखाद्या रिकाम्या घरात नगण्य राशी ε मांडून पाचवे घर भरून काढायचे. ते घर भरलेल्या घरांशी बंद वर्तुळ करणारे नसावे, इतकी काळजी घ्यायची.

पेपरात वेळ उरला तर एक गोष्ट करा. शेवटचे आकडे साठ्याने आणि मागणीने गुणून बेरीज घ्या: 0, उणे 120, उणे 60, 90, 200, 490. उत्तर 600 आले पाहिजे. आले नाही तर कुठेतरी आकडेमोड चुकली आहे.