दुरुस्ती वहीची की बोलण्याची?

पुण्यातल्या एका शाळेत सहावीत एक मुलगा अकोल्याकडून आला. धडा वाचताना तो ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणाला, तसा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत त्यावरून दोन शिक्षकांचं बोलणं झालं.

मॅडम : मी त्याला तिथल्या तिथे थांबवून ‘डोळा’ म्हणायला लावते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत लोक हसतील, त्यापेक्षा आत्ताच सुधारलेलं बरं.

सर : त्यातून तो काय शिकतोय, बघितलंत? परवा ‘फळ्यावर लिहू का’ असं न विचारता ‘बोर्डावर लिहू का’ म्हणाला. डब्यात काय आणलंस विचारलं, तर ‘केळी’ न म्हणता डबाच उघडून दाखवला. ‘ळ’ आला की तो शब्दच टाळतो. उच्चार सुधारला नाही, बोलणं मात्र आखडलं.

मॅडम : मग तसंच सोडायचं? वहीतही तो ‘डोया’च लिहितो. गुण जाणारच ना?

सर : ती अडचण खरी आहे. वऱ्हाडी बोलण्यातला त्याचा ‘य’ लिहिताना दोन अक्षरांत वाटला जातो. ‘गाय’ तशीच राहते, ‘डोया’चा ‘डोळा’ होतो. कानावर विसंबून हे कळत नाही, शब्द लक्षात ठेवावे लागतात. पण इथली मुलंही ‘केलं’ म्हणतात आणि निबंधात ‘केले’ लिहितात. १९६२ च्या लेखननियमांपासून तीच रीत आहे. त्यांचं आपण वहीत दुरुस्त करतो, बोलण्यात नाही.

मॅडम : पण ‘केलं’ला कोणी हसत नाही. ‘डोया’ला हसतात. हा फरक नियम दाखवून मिटत नाही.

सर : नाही मिटत. म्हणून ‘ळ’ शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि झटक्यात सोडायचं. हे त्याला एकट्याला, त्याची इच्छा असेल तेव्हा दाखवू. वर्गात मात्र त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं.

मॅडम : म्हणजे दोन्ही तऱ्हा त्यानंच सांभाळायच्या? बाकीच्यांनी काय करायचं?

सर : त्यांनी ऐकायला शिकायचं. उद्या शुद्धलेखनाला दोन रकाने आखतो, बोलतो ते आणि लिहितो ते. ‘डोया–डोळा’ आणि ‘केलं–केले’ एकाच तक्त्यात येतील. कोणी हसलंच, तर त्याला विचारायचं, ‘तो काय म्हणाला, सांग बरं.’ अर्थ कळला होता, हे त्याचं त्यालाच कबूल करावं लागेल.

मॅडम : तेवढ्यानं हसणं थांबेल, याची खात्री मला नाही. मुलाखतीची काळजीही जात नाही. पण चार लोकांत बोलायची सवयच मोडली, तर चोख ‘ळ’ घेऊन तरी तो तिथे काय बोलणार? आधी त्याचं वाचन सुरू राहू दे.