गेटपर्यंतची दोस्ती

चाकणमध्ये कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या माणसाला विचारा, लाइनवर कोणती पोरं घेता? उत्तर तयार असतं. गाववाली नकोत, दादागिरी करतात, युनियन काढतात. मराठवाड्याची गरजू असतात. यूपी-बिहारची ओव्हरटाइमला नाही म्हणत नाहीत. गंमत अशी, की हा पुरवठादार पुष्कळदा स्वतःच महाळुंगे, निघोजे किंवा खराबवाडीचा असतो. गावातल्या पोरांचा त्याला राग नसतो. संध्याकाळी तो त्यांच्यातच बसतो, जत्रेची वर्गणी त्यांच्याबरोबरच गोळा करतो. फक्त सकाळी यादी करताना त्यांची नावं घेत नाही.

या माणसाला पूर्वग्रहदूषित म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच्या डोक्यात अमक्या गटाची माणसं अशीच असतात ही साचेबंद समजूत आहे. त्याच्या हातून भेदभाव घडतो आहे. पण या दोहोंमध्ये जी अढी असावी असं आपण धरून चालतो, ती जवळजवळ नाही. उलट एखादा खोलीमालक परप्रांतीयांबद्दल मनापासून कडू बोलतो आणि तरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांना ठेवतो, कारण भाडं माणशी मिळतं. तिथे अढी आहे, पण दार बंद नाही.

समजूत, अढी आणि वागणूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभ्यासकांनाही हळूहळू उमगलं. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन याने १९२२ मध्ये ‘डोक्यातल्या चित्रां’विषयी लिहिलं. माणूस आधी पाहतो आणि मग ठरवतो असं नाही, आधी ठरवतो आणि मग पाहतो, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर बराच काळ असं गृहीत धरलं गेलं, की चित्र वाईट म्हणून मन वाईट आणि मन वाईट म्हणून वागणूक वाईट. या साखळीला रिचर्ड लापिएर याने धक्का दिला. तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी माणसांना तुम्ही घ्याल का? ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. १९३४ च्या या लेखावर आक्षेप बरेच आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवरचा माणूस एकच होता का, हा त्यातला पहिला. तरी बोलणं आणि वागणं यांतली फट दिसली ती दिसलीच.

मला मात्र याहून बोलकं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांतलं वाटतं. विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. विटाळाची समजूत तिथे अडून बसली. त्याच गिरणीच्या कताईत ही माणसं काम करत होती. भोंगा एकच, संपही एकच. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढाऱ्यांपुढे लावून धरली, तेव्हा प्रश्न मालकापुरता नव्हता. सवर्ण विणकरच ती बंदी राखून होते. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहूनही अढी विरघळली नव्हती, कारण त्या छपराखालची खाती आणि पगार जातीप्रमाणे लागले होते.

एकत्र आलं की मनं जुळतात, या भाबड्या आशेला अटी घालण्याचं काम गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ च्या आपल्या पुस्तकात केलं. संपर्काने पूर्वग्रह कमी होईल, पण माणसं त्या जागी बरोबरीची असली, ध्येय एक असलं, ते गाठायला एकमेकांची मदत लागत असली आणि वरच्या सत्तेचा त्याला पाठिंबा असला तर. पुढे पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. या अटी पुऱ्या नसतानाही संपर्काचा थोडा फायदा होतो, असल्या तर जास्त होतो, असं त्यांना दिसलं.

मोटारीची असेंब्ली लाइन या अटींच्या फार जवळ जाते. आधीच्या स्टेशनवरच्या गड्याने बोल्ट नीट घट्ट केला नाही तर पुढचा अडतो. तो लातूरचा की बलियाचा, हे लाइनला कळत नाही. अर्कदेव घोष या अर्थतज्ज्ञाने पश्चिम बंगालमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नेमकं हेच तपासलं. हिंदू आणि मुस्लिम कामगारांचे मिश्र गट पाडले. जिथे क्षणोक्षणी एकमेकांवर अवलंबून राहावं लागे, तिथे सुरुवातीला उत्पादन घटलं, पण काही महिन्यांत ही तूट भरून निघाली आणि मनंही निवळली. जिथे प्रत्येकाचं काम सुटं होतं, तिथे उत्पादन घटलं नाही आणि मनातही फारसा फरक पडला नाही. म्हणजे बदल घडवणारा संपर्क थोडा त्रासाचाच असतो. पहिल्याच आठवड्यातली कुरबूर पाहून ‘एका भाषेची पोरं एका लाइनवर ठेवा’ म्हणणारा सुपरवायझर नेमकी तीच संधी घालवतो.

चाकणच्या लाइनवर खरी मेख मात्र बरोबरीच्या अटीत आहे. एकच काम करणारे दोघे, एक कायम आणि एक कंत्राटी. पगारात मोठा फरक, आणि एकाला सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळणार हे दोघांनाही ठाऊक. कायम बहुतेक जुने, पिंपरी-चिंचवडमध्ये घर झालेले. कंत्राटी नवे, लांबचे. अशा वेळी रोजच्या सहवासातून मुंबईच्या गिरणीसारखं चित्र पुसलं न जाता पक्कं होऊ शकतं: ‘हे लोक टिकतच नाहीत.’ टिकू दिलं जात नाही, ही गोष्ट चित्रात येत नाही.

आणि पुरवठादाराच्या यादीला तर संपर्काचं औषध लागूच नाही. गावातल्या पोरांना तो जन्मापासून ओळखतो. त्याचा भेदभाव हिशेबी आहे, तो मन वळवून जाणार नाही. भरती कशी होते ते बदलावं लागेल. उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असं राज्याचं धोरण आहे, पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. लातूरचा पोरगा कागदावर स्थानिक आणि महाळुंग्यात उपरा. टक्केवारी भरते, गाववाला बाहेरच राहतो.

शिवाय गेट आहे. राल्फ मिनार्ड याने १९५२ मध्ये अमेरिकेतल्या पोकाहॉन्टस कोळसापट्ट्याबद्दल लिहिलं. खाणीत गोरे-काळे खांद्याला खांदा लावून काम करत. वर आले की वेगळे होत. त्याच्या अंदाजाने वीस टक्के गोरे दोन्हीकडे मोकळे वागत, वीस टक्के दोन्हीकडे फटकून. उरलेले साठ टक्के खाणीच्या तोंडाशी वागणं बदलत. आपल्याकडे शिफ्ट सुटल्यावर बस कुरुळी-नाणेकरवाडीच्या फाट्यांवर रिकामी होते आणि लाइनवरची जोडी फुटते. ओडिशाचे एका चाळीत, बीड-परभणीचे दुसरीत.

यावर १९५१ चा डॉइच आणि कॉलिन्स यांचा अभ्यास आठवतो. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत घरं वंश न बघता वाटली होती. नेवार्कमध्ये वसाहत एक पण इमारती वेगळ्या. न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या गृहिणींची काळ्या शेजारणींबद्दलची मतं बरीच निवळलेली आढळली. तिथे घर कुणाला हे एक कचेरी ठरवत होती. चाकणच्या चाळींत ते प्रत्येक मालक ठरवतो, आणि तो बहुधा आधीच्या भाडेकरूला विचारतो, तुझ्या गावाकडचं कुणी आहे का?