भाडेकरूची पत, घरमालकाची सही

दुधनी हे दादरा आणि नगर हवेलीतले, मधुबन जलाशयाच्या काठचे गाव. पर्यटक तिथे नावेत बसायला जातात. पोटापाण्यासाठी घर सोडणाऱ्या तिथल्या माणसाला मात्र खानवेलवरून सिल्वासाकडे उतरावे लागते आणि कारखान्यात काम मिळाले की पाठोपाठ खोलीचा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. या प्रदेशाची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 2,20,490 होती, ती 2011 मध्ये 3,43,709 झाली. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून दूरदूरच्या राज्यांतले कामगार आले, त्यामुळे दहा वर्षांत लोकवस्ती निम्म्याहून अधिक वाढली. अशा गावात घरमालक आणि भाडेकरू एकमेकांना बहुधा ओळखत नाहीत. जुन्या वस्तीत कोण कुणाचा, कसा, हे विचारायला शेजारपाजार असतो. नव्या वस्तीत शेजारीही नवाच असतो. मग मालक जे समोर दिसते त्यावरून अंदाज बांधतो: आडनाव, बोली, जात, धर्म, ताटात काय असते, लग्न झाले आहे की नाही. त्याला खरे तर एवढेच जाणून घ्यायचे असते की भाडे वेळेवर येईल का, खोली नीट राहील का आणि सांगितल्यावर माणूस निघेल का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आडनावात नसते. ते आधीच्या घरमालकाकडे असते. म्हणून चांगला भाडेकरू नव्या घरासाठी निघाला, की जुन्या मालकाने त्याला लेखी दाखला देणे हा सौजन्याचा नव्हे, तर व्यवहाराचा भाग मानला पाहिजे. मात्र त्या दाखल्यात मालकाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीच असाव्यात. त्याहून अधिक लिहिले, की त्याची किंमत उतरते.

यावर पहिला आक्षेप असा, की कागद काय थोडे आहेत? आधार कार्ड आहे, पगाराची पावती आहे, पोलीस पडताळणी आहे. पण यांतला प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आधार माणूस कोण ते सांगते. पगाराची पावती त्याची ऐपत सांगते, दानत सांगत नाही. चांगला पगार घेऊन भाडे थकवणारे कमी नसतात. पोलीस पडताळणीतून फार तर त्याच्यावर काही नोंद आहे का ते कळते. नळ गळायला लागल्यावर त्याने मालकाला कळवले की भिंत ओली होऊ दिली, हे तिथे कुणी विचारत नाही. माणूस भाड्याच्या घरात कसा वागतो, हे फक्त ज्याच्या घरात तो राहिला तोच सांगू शकतो. शिवाय बाकीचे कागद सरकारकडून किंवा मालक-कंपनीकडून मिळतात. हा एकच कागद भाडेकरूला स्वतःच्या वागण्यातून कमावता येतो. ज्याला गावात ओळखपाळख नाही, त्याला हीच काय ती पत जमवता येते.

मात्र असे दाखले आपल्याकडे लिहिले जातात तेव्हा ते बहुधा निरुपयोगी असतात, कारण त्यांत विशेषणांशिवाय काही नसते. 'सदर इसम सुस्वभावी, निर्व्यसनी व चांगल्या चालीचा असून मी त्यास व्यक्तिशः ओळखतो' हे वाक्य कुणाबद्दलही लिहिता येते, म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. दाखला कसा असावा हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. दुधनीचे एक कुटुंब आमलीतल्या चाळीत तीन वर्षे राहिले आणि आता मुलाच्या शाळेसाठी नरोलीला घर पाहते आहे. मालकाने असे लिहावे: 'हे कुटुंब जून 2022 पासून माझ्या खोलीत राहते. भाडे दरमहा 5,500 रुपये, अनामत 11,000 रुपये. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मिळत आले. एकदा कारखान्यातले काम बंद असताना अठरा दिवस उशीर झाला. त्यांनी आधी सांगितले होते आणि रक्कम दोन हप्त्यांत पूर्ण दिली. विजेच्या उपमीटरचे पैसे थकलेले नाहीत. शेजाऱ्यांची तक्रार माझ्याकडे आलेली नाही. मोरीचा पाइप फुटला तेव्हा त्यांनी त्याच दिवशी कळवले. खोली सोडण्याची सूचना एक महिना आधी दिली आहे.' खाली तारीख, सही, फोन नंबर आणि लिहिणारा स्वतः मालक आहे की मालकाच्या वतीने भाडे गोळा करणारा आहे, याचा उल्लेख. चाळींमध्ये भाडे घेणारा अनेकदा वेगळा असतो आणि भाडेकरूने मालकाचे तोंडही पाहिलेले नसते, म्हणून हा उल्लेख लागतो.

या पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य उशिराचे आहे. तीन वर्षांत एकदाही काही बिनसले नाही असे लिहिले, तर वाचणारा भुवया उंचावतो. उशीर झाला, पण तो सांगून झाला आणि पैसे पूर्ण आले, हे वाचल्यावर नव्या मालकाला त्याच्या खऱ्या काळजीचे उत्तर मिळते. अडचण कुणालाही येते. अडचणीत माणूस समोर येतो की फोन बंद करतो, हे त्याला हवे असते. दुसरी बाब वेळेची. दाखला बहुधा घर सोडण्याआधी लागतो, तेव्हा खोली कोणत्या अवस्थेत परत मिळाली हे मालक लिहू शकत नाही. म्हणून त्याने तसे लिहूही नये. चावी परत घेताना दोघांनी मिळून भिंती, नळ, दारे-खिडक्या पाहाव्यात, उपमीटरचा आकडा टिपावा, अनामतीतून काय वजा झाले ते ठरवावे आणि मग त्याच कागदाखाली तारखेसह एक ओळ जोडावी: ताबा मिळाला, देणे राहिले नाही, अनामत परत केली.

काय लिहू नये, हेही तितकेच ठरलेले असावे. जात, धर्म, खाणेपिणे, घरी कोण येते-जाते, यांचा भाड्याशी संबंध नाही. 'आमच्यातलेच आहेत' किंवा 'शाकाहारी आहेत' अशी शिफारस वरवर मदत वाटते. प्रत्यक्षात ती जो भेद टाळण्यासाठी हा कागद हवा, त्यालाच खतपाणी घालते. दुसरे, 'यांची जबाबदारी माझी' असे भरात लिहून टाकू नये. मागे काय झाले ते सांगणे आणि पुढे भाडे थकल्यास ते फेडण्याचे वचन देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीला भारतीय करार कायदा, 1872 मध्ये हमीचा करार म्हणतात आणि तिच्यातून देणे अंगावर येऊ शकते. तिसरे, प्रतिकूल लिहायचे असेल तर तेही घडलेल्या गोष्टींपुरतेच. खरी बाब, सद्भावनेने, ज्याला तिची गरज आहे त्यालाच सावध करण्यासाठी सांगितली, तर ती बदनामी ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्ये तसा अपवाद होता आणि तो भारतीय न्याय संहितेतही आला आहे. 'दोन महिन्यांचे भाडे बाकी' हे सांगता येते. 'माणूस लबाड आहे' हे सांगण्याची गरजही नसते आणि अधिकारही नसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नको असलेला भाडेकरू लवकर निघावा म्हणून मालक त्याची तोंडभरून स्तुती करील, आणि चांगला भाडेकरू जाऊ नये म्हणून हात आखडता घेईल. हे खरे आहे. सध्याच्या मालकाचा स्वार्थ त्या कागदात गुंतलेला असतो. म्हणून भाड्याच्या व्यवहारातले जाणते लोक सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचे ऐकतात. त्याला आता खोटे बोलून काही मिळवायचे नसते. शिवाय तारखा आणि रकमा तपासता येतात, विशेषणे तपासता येत नाहीत. भाडेकरूच्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदीत 5,500 रुपये दर महिन्याला दिसतात का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. फोनवर पत्र वाचून दाखवून 'बरोबर आहे ना?' असे विचारू नये, कारण मालक म्हणून मित्राला उभे केले असेल तर तोही 'हो' म्हणेल. 'भाडे किती होते, कधी यायचे, घर कशासाठी सोडले?' असे विचारावे. पत्र देणारा खरोखर त्या खोलीचा मालक आहे का, अशी शंका आलीच, तर घरपट्टीची पावती किंवा वीजबिल पाहावे. आणि आधीचा मालकच नसेल, म्हणजे पहिल्यांदाच गाव सोडून आलेला तरुण असेल, तर हा कागद त्याच्याकडे असूच शकत नाही. दाखला नसणे हा त्याचा दोष मानला, तर एक भेद घालवून आपण दुसरा आणू.

दुसरी शंका मालकांची आहे. लिहून दिले, तर तोच कागद उद्या भाडेकरू आपल्यावर हक्क सांगण्यासाठी वापरील. या भीतीला इतिहास आहे. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर एकदा शिरलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही, हा अनुभव पश्चिम भारतातल्या घरमालकांच्या मनात घर करून बसला. अकरा महिन्यांच्या कराराची सवय, पावती न देण्याची सवय, तोंडी व्यवहाराची सवय यांना ही भीती पोसत आली आहे; कधी तिच्या आडून भाड्याचे उत्पन्नही लपवले जाते. पण भाडेकरू निघत असताना, घर सोडण्याच्या सूचनेसह दिलेला दाखला राहण्याचा हक्क वाढवत नाही, उलट निघण्याची नोंद करतो. ताबा परत मिळाल्याची ओळ तर मालकाचेच संरक्षण करते. शिवाय कायदाही लेखी व्यवहाराच्या दिशेनेच जातो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार बंधनकारक आहे आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीवसाठीही त्याच धर्तीच्या विनियमाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

उरतो तो बळाचा प्रश्न. दाखल्याला किंमत आली, की तो रोखून धरण्यालाही किंमत येते. 'अनामत मागू नकोस, मग लिहून देतो' असे म्हणणारा मालक कल्पनेत आणायला फार डोके लागत नाही. म्हणून हा कागद मर्जीवर सोडू नये. घर घेतानाच, जेव्हा दोघांना एकमेकांची गरज असते, तेव्हा करारात एक कलम घालावे: भाडेकरूने घर सोडण्याची सूचना दिल्यावर सात दिवसांत मालक भाड्याच्या नोंदीचा दाखला देईल आणि त्याचा अनामतीच्या हिशेबाशी संबंध जोडला जाणार नाही. तरीही मालक अडून बसला, तर भाडेकरूच्या हाती पावत्या आणि बँकेच्या नोंदी राहाव्यात, यासाठी भाडे शक्यतो खात्यावरूनच द्यावे आणि रोख दिल्यास सहीची पावती मागावी. दाखल्याने पूर्वग्रह संपणार नाहीत. ज्याला विशिष्ट जातीचा किंवा धर्माचा माणूस नकोच आहे, तो तीन वर्षांच्या चोख नोंदीपुढेही मान हलवील. पण आज तो 'अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा' या सबबीआड उभा राहू शकतो. समोर तपासता येणारा कागद असेल, तर ती सबब त्याला उरणार नाही, आणि नकाराचे खरे कारण त्याला स्वतःशी तरी मान्य करावे लागेल.