सिव्हिल लाइन्समधला झेंडा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये १५ ऑगस्टच्या सकाळी जिकडे पाहावं तिकडे झेंडे चढत असतात. विधानभवन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, जिल्हाधिकारी कार्यालय, आकाशवाणी आणि आजूबाजूच्या रस्त्यांवरची कितीतरी लहानमोठी कार्यालयं. राष्ट्रगीत संपतं आणि साहेब किंवा मॅडम ‘दोन शब्द’ बोलायला पुढे येतात. हे दोन शब्द बहुधा १८५७ पासून निघतात, दांडीवरून लाल किल्ल्यावर पोहोचतात आणि तिथेच थांबतात. नागपूर वाटेत लागतच नाही. मला हे मनापासून खटकतं. आपण ज्या भागात उभे राहून हे ऐकतो, त्याच भागात झेंडा घेऊन चालायला १९२३ साली बंदी होती, आणि ती मोडण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं इथे येऊन तुरुंगात गेली होती.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. सिव्हिल लाइन्स ही गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्यावरून सरकार आणि कार्यकर्ते यांच्यात ठिणगी पडली होती. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्यासह मिरवणूक निघाली आणि सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी पोलिसांनी ती अडवली. शहरात झेंडा फिरवायला फारशी हरकत नव्हती. साहेबांच्या बंगल्यांसमोरून तो जाऊ नये, एवढाच सरकारचा हट्ट होता, आणि म्हणूनच तो तिथूनच न्यायचा असं ठरलं. १ मे १९२३ रोजी वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला.

त्याची रीत अगदी साधी होती. स्वयंसेवकांची लहानशी तुकडी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालू लागायची. हद्दीवर पोलीस अडवायचे, पकडायचे, खटला चालायचा, शिक्षा व्हायची. पुन्हा नवी तुकडी यायची, पुन्हा तोच रस्ता. हातात झेंड्याशिवाय काही नसायचं. जूनमध्ये जमनालालजींना अटक झाली. विनोबाही पकडले गेले आणि त्यांनी नागपूर आणि अकोल्याच्या तुरुंगांत दिवस काढले. सुभद्राकुमारी चौहान यांनी इथेच अटक पत्करली. गुजरात, बिहार, मद्रास इलाखा अशा दूरदूरच्या भागांतून स्वयंसेवक येत राहिले. बंदिवानांची संख्या हजाराच्या वर गेली. जुलैत सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली. भाषणात त्यांना इथे ‘सरदार’ म्हणण्याची घाई करू नये. ती पदवी त्यांना १९२८ मध्ये बारडोलीनंतर मिळाली. १९२३ चे वल्लभभाई म्हणजे अहमदाबादहून आलेले, फारसे न बोलणारे एक वकील कार्यकर्ते. थोरले बंधू विठ्ठलभाईही आले, गव्हर्नरांशी बोलणी झाली, आणि १८ ऑगस्टला माखनलाल चतुर्वेदी यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सिव्हिल लाइन्समधून मोकळेपणी गेला. त्यानंतर लौकरच बंदिवान सुटले. सरकारने माघार घेतली की तडजोड झाली, यावर दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ लावला. ते भाषणात सांगायची गरज नाही. झेंडा गेला, हे खरं.

एवढा प्रसंग सावकाश सांगायला तीन मिनिटं पुरतात. माझ्या मते कार्यालयातल्या भाषणाचा गाभा एवढाच असावा: एक प्रसंग, एक ठिकाण, चारपाच नावं. नावांची यादी वाढली की ऐकणारे मनात मोजदाद करू लागतात. यांचं नाव घेतलं, त्यांचं का नाही? संमिश्र कर्मचाऱ्यांसमोर हा प्रश्न फार लौकर उभा राहतो आणि तो रास्तही असतो. प्रत्येकाच्या घरी एकेक तसबीर असते. दहा नावं घेऊन अकरावं राहिलं तर त्या घरचा माणूस दुखावतो. एकच प्रसंग नीट सांगितला तर त्यातली माणसं प्रसंगाची म्हणून येतात, आणि कुणाला डावललं असं कुणालाच वाटत नाही.

यापुढचा भाग जपून बोलायचा आहे, कारण चांगले वक्तेही इथे चुकतात. झेंडा सत्याग्रहातला झेंडा आजचा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यांवर चरखा, असा तो होता. १९२१ मध्ये गांधीजींनी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकीच्या धर्मांचा, अशी मांडणी होती. हेतू सगळ्यांना सामावून घेण्याचा होता. पण एकदा रंग वाटून द्यायला लागलं की वाटणी पुरत नाही. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? प्रश्न चुकीचा नव्हता. १९३१ मध्ये काँग्रेसने यासाठी एक समिती नेमली. समितीने संपूर्ण केशरी झेंडा सुचवला. तो महासमितीने स्वीकारला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि या रंगांना कोणत्याही जमातीशी जोडायचं नाही, ते गुणांचे रंग आहेत, हे ठरावातच स्पष्ट केलं गेलं. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला आणि हीच गोष्ट पुन्हा सांगितली. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं.

तरीही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या हिरवळीवर कुणीतरी समजावतं, हा रंग यांचा, तो त्यांचा, आणि मधला उरलेल्यांचा. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण मागच्या रांगेत उभ्या असलेल्या ख्रिस्ती, शीख किंवा बौद्ध सहकाऱ्याला ‘उरलेल्यांत’ उभं केलेलं असतं, आणि ही मांडणी देशाने १९३१ मध्येच बाजूला ठेवली होती हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्या शहरात तर हे विशेष सांभाळावं. इथे दीक्षाभूमी आहे, ताजबाग आहे, जुनी चर्च आहेत, गुरुद्वारे आहेत, आणि त्या सगळ्या ठिकाणी जाणारी माणसं एकाच हजेरीपटावर सही करतात.

राष्ट्रगीताबद्दलही थोडं. ते बावन्न सेकंदांचं आहे आणि ते चालू असताना सावधान उभं राहायचं, एवढं सर्वांना माहीत असतं. कोण गातं आणि कोण नुसतं उभं राहतं, इकडे काही जणांचं बारीक लक्ष असतं, आणि नंतर चहाच्या वेळी त्यावर कुजबुज होते. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभं राहणं हा आदरच आहे, तिथे अवमान होत नाही, असं न्यायालयाने मानलं. ज्याच्या हातात माइक आहे त्याने ‘सगळ्यांनी जोरात, मला प्रत्येकाचा आवाज ऐकू आला पाहिजे’ असं म्हणण्यापूर्वी हा निकाल आठवावा. वरिष्ठाच्या तोंडची विनंती कनिष्ठाच्या कानात हुकूम होऊन जाते. ध्वजस्तंभापाशी नारळ फोडणं, दिवा लावणं हेही याच कारणासाठी टाळावं असं मी म्हणेन. ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची परवानगी आहे, आणि सजावटीला तेवढं पुरेसं आहे.

भाषेचं म्हणाल तर आपल्या कार्यालयात मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. बोलणं मराठीत असावं, वाक्यं आखूड असावीत आणि शेवटचा भाग हिंदीत पुन्हा सांगावा. साधारण पाचशे शब्द म्हणजे चारपाच मिनिटं. त्यापलीकडे उभ्या माणसाचे पाय बोलू लागतात. रांगा लावतानाही पाहावं. दरवर्षी अधिकारी पुढे, लिपिक मधे आणि सफाईचे कर्मचारी, सुरक्षारक्षक, कंत्राटी कामगार पार मागे, भिंतीला लागून उभे असतात. झेंडा सत्याग्रहाच्या तुकडीत पुढे कोण आणि मागे कोण याने फरक पडत नव्हता. हद्दीवर सगळेच पकडले जायचे. पहाटेच येऊन दोरी, गाठ आणि केशरी पट्टा वर आहे ना, हे तपासणाऱ्या माणसाचं नाव भाषणात घेतलं तर कुणाचीच हरकत राहणार नाही.

मला बोलायला सांगितलं तर मी साधारण असं बोलेन:

“सहकारी भगिनींनो आणि बंधूंनो, आपण आता जो झेंडा वर जाताना पाहिला, त्याच्या आधीचा झेंडा या भागात आणायला एकेकाळी मनाई होती. १९२३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माणसं झेंडा घेऊन इकडे चालत यायची आणि अटक व्हायची. कुणी वर्ध्याहून आलं होतं, कुणी बिहारहून, कुणी दक्षिणेतून. त्यांना एकमेकांची भाषा नीट येत असेलच असं नाही. त्यांची मागणी एवढीच होती, की आमच्या गावातला प्रत्येक रस्ता आमचा असावा. साडेतीन महिन्यांनी झेंडा इथून गेला. आज आपल्या कार्यालयाचं फाटक सकाळी उघडतं आणि अर्ज घेऊन कुणीही आत येतो. कुठल्या वस्तीतून आला, कुठल्या धर्माचा, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. उद्या सकाळी दहा वाजता जो पहिला माणूस आपल्या खिडकीशी येईल, त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी आणि मग कागद मागावा, एवढी विनंती करतो. ज्यांना गावी जायचं आहे त्यांनी निघावं. बाकीच्यांसाठी चहा तयार आहे. जय हिंद.”