कधीच… नाही

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराची एक मुलगी नाशिकला माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. गारपिटीनंतर तिने निबंधात एक वाक्य लिहिलं : 'नेव्हर वी डिड नॉट सी सच हेल.' तिच्या मनातलं मराठी अगदी शुद्ध होतं, 'आम्ही अशी गारपीट कधीच पाहिली नव्हती.' आपल्याकडे 'कधीच' एकटं पुरत नाही. त्याला वाक्याच्या शेवटी 'नाही' किंवा 'नव्हती' लागतंच, म्हणून तिने ते इमानाने इंग्रजीतही नेलं. पण इंग्रजीत 'नेव्हर' हाच पुरता नकार आहे. त्याच्या जोडीला 'नॉट' आलं की दोन नकार एकमेकांना खोडतात आणि अर्थ होतो, 'अशी गारपीट आम्ही पाहिली नाही, असं कधी झालंच नाही.'

आम्ही ते वाक्य टप्प्याटप्प्याने दुरुस्त केलं. आधी सरळ रचना : 'वी हॅड नेव्हर सीन सच हेल.' एवढ्यावर थांबलं तरी वाक्य निर्दोष आहे. पण तिला नकारावर जोर हवा होता, म्हणून 'नेव्हर' उचलून पुढे आणलं. ते पुढे आलं की 'हॅड' कर्त्याच्या मागे राहू शकत नाही : 'नेव्हर हॅड वी सीन सच हेल.' रचना प्रश्नासारखी दिसते, पण प्रश्न नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटतं, कारण आपल्या भाषेत शब्द हलले तरी क्रियापदाचं रूप किंवा जागा बदलण्याची सक्ती नसते. 'क्वचितच मी असं पाहिलंय', 'असं मी क्वचितच पाहिलंय', दोन्ही चालतात. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे. इंग्रजीला 'च' नाही, तिथे जागाच बोलते. जुन्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला कर्त्याऐवजी दुसरं काही आलं की क्रियापद बहुधा दुसऱ्या जागी येई. जर्मनमध्ये ती शिस्त आजही आहे. इंग्रजीने पुढे ती बहुतेक ठिकाणी सोडली, पण नकारापाशी मात्र ती टिकली. 'रेअरली', 'सेल्डम' ही 'क्वचित'वाली क्रियाविशेषणंही यातच येतात, कारण त्यांच्या अर्थात 'बहुधा नाही' दडलेलं आहे.

ही रचना निव्वळ अलंकार आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तो गैरसमज वाक्यांच्या एका जोडीने दूर केला. 'विथ नो मनी वुड ही बी हॅपी' म्हणजे कितीही पैसा दिला तरी तो सुखी होणार नाही. 'विथ नो मनी, ही वुड बी हॅपी' म्हणजे पैसा नसता तर तो सुखी असता. शब्द तेच, फक्त 'वुड'ची जागा वेगळी. क्रियापद पुढे सरकलं की नकार सगळ्या वाक्यावर पसरतो, नाही सरकलं तर तो 'मनी'पुरता राहतो. म्हणूनच 'अ‍ॅट नो टाइम'नंतर उलट रचना लागते आणि 'इन नो टाइम'नंतर लागत नाही. 'इन नो टाइम' म्हणजे 'क्षणार्धात', त्यात वाक्याला नकार नाहीच.

त्या मुलीचं पुढचं वाक्य होतं, 'नॉट ओन्ली द हेल डिस्ट्रॉइड द बंचेस बट ऑल्सो ब्रोक द केन्स.' घड गेलेच, वर काड्याही मोडल्या. इथे सहायक क्रियापद नाही, म्हणून 'डिड' आणावं लागतं आणि भूतकाळ त्याच्याकडे जातो : 'नॉट ओन्ली डिड द हेल डिस्ट्रॉय द बंचेस, बट इट ऑल्सो ब्रोक द केन्स.' 'डिड'पुढे पुन्हा 'डिस्ट्रॉइड' लिहिण्याची चूक मी सगळ्यात जास्त वेळा तपासली आहे. दुसरी चूक 'बट'नंतरचा भाग उलटा करण्याची. तो सरळच राहतो. आणि 'नॉट ओन्ली' कर्त्यालाच चिकटलं असेल, म्हणजे 'घडच नव्हे, काड्याही गेल्या' असं म्हणायचं असेल, तर काहीच उलटत नाही : 'नॉट ओन्ली द बंचेस बट ऑल्सो द केन्स वेअर लॉस्ट.'

'नो सूनर' शिकवताना मात्र मला मराठीचा आधार मिळतो. 'मी नाशिकरोडला पोहोचतो न पोहोचतो तोच पंचवटी सुटली.' आपल्या या 'न'मध्येही नकार आहे, तरी पोहोचणं झालेलंच आहे. 'नो सूनर हॅड आय रीच्ड नाशिकरोड दॅन द पंचवटी लेफ्ट.' आपला 'तोच' तिथला 'दॅन'. मुलं तिथे 'व्हेन' लिहितात, ते चूक. 'व्हेन' 'हार्डली'च्या जोडीला येतो.

ही रचना औपचारिक लेखनातली आहे. पानभर निबंधात एखादं असं वाक्य शोभतं, तीन आली की भाषणबाजी वाटते. नेमकं कुठे वापरायचं हे त्या मुलीला कळलं होतं. तिने गारपिटीचं वाक्य उलटं ठेवलं आणि बाकीचा निबंध साधा लिहिला. तुम्हीही इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी 'नेव्हर' ठेवलंत, तर आधी पुढचं 'नॉट' काढा आणि मग सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय का ते बघा.