उत्तर लिहायचं कोणासाठी?

मालवणात आत्याचा होमस्टे आहे. खोल्या चारच, जेवण घरचं. ऑगस्टच्या सुरुवातीला गूगलवर एका पाहुण्याने एक तारा देऊन लिहिलं: ‘मासे शिळे, गरम पाणी नाही, मालकीणबाई अंगावर ओरडतात. कुटुंबासोबत जाऊ नका.’ भाच्याने उत्तराचा मसुदा करून आणला.

भाचा : ऐक. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’

आत्या : मोलाचा कसला? रात्री एक वाजता अंगणात बाटल्या घेऊन बसले होते. शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ रडून उठलं, म्हणून मी बोलले. तेच लिही.

भाचा : लिहिलं तर त्याची जिरेल. पण पुढच्या मे महिन्यात खोली शोधणारी बाई काय वाचेल? इथे राहून गेलं की मालकीण आपली उणीदुणी चारचौघांत काढते, हेच ना? तिला त्या माणसाशी देणंघेणं नाही. उद्या आपलं काही बिनसलं तर ही माणसं कशी वागतील, एवढंच ती बघत असते.

आत्या : म्हणजे बोलायचं त्याच्याशी आणि ऐकवायचं तिला. हे नाटक नाही?

(प्रश्न बिनतोड आहे. असली शांत उत्तरं पुष्कळदा नाटकीच असतात. एकच वाक्य दहा तक्रारींखाली चिकटवलेलं दिसलं की वाचणारा ते लगेच ओळखतो.)

भाचा : त्याला सांगता येणार नाही असं काही तिला ऐकवलं, तर ते नाटक. दोघांनाही खरं वाटेल तेवढंच लिहू. एकेक मुद्दा घे. मासे शिळे होते?

आत्या : शिळे नव्हते, बर्फातले होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. जुलैत ताजी सुरमई आणू कुठून?

भाचा : हे त्याला आधी सांगितलं होतंस?

आत्या : विचारलं असतं तर सांगितलं असतं.

भाचा : मग माफी तेवढ्याचीच. बर्फातली सुरमई वाढल्याची माफी मागायची नाही, न सांगता वाढल्याची मागायची. बंदीची तारीखही लिहू. जुलैत येणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

आत्या : आणि ओरडले त्याचं?

भाचा : आवाज चढला होता?

आत्या : चढला. पुन्हा तसं झालं तर पुन्हा चढेल.

भाचा : मग त्याची माफी नको, नाकारायचंही नको. ‘रात्री दहानंतर अंगणात शांतता ठेवायला आम्ही सगळ्यांनाच सांगतो, कारण बाजूच्या खोल्यांत लहान मुलं असतात. त्या रात्री माझा आवाज चढला, हे खरं.’ बाटल्यांचं नाव नको.

आत्या : अर्धवट सत्य झालं हे. तो साळसूद ठरला आणि मी कजाग.

भाचा : वाचणाऱ्याला कळतं गं. रात्री दहानंतरचा नियम मध्येच का आला, याचा अंदाज तो बांधतो. पण मान्य, थोडा अन्याय तुझ्यावर राहतोच. तो कुठल्याच शब्दांनी भरून निघणार नाही.

आत्या : मग तो रिव्ह्यूच काढायला लाव ना.

भाचा : आपल्याला काढता येत नाही, फक्त कळवता येतं. शिवीगाळ किंवा धमकी असेल, किंवा रिव्ह्यू बनावट असेल, तर गूगल बघतं. मासे ताजे की शिळे या वादात ते पडत नाही.

आत्या : त्याला एक रात्र फुकट देऊ. म्हणावं, बदल.

भाचा : रिव्ह्यू बदलण्यासाठी आमिष दाखवणं त्यांच्या नियमांत बसत नाही. आणि त्याने तेही लिहून टाकलं तर? उत्तर वाचून त्याला वाटलं, तर तो स्वतःच बदलू शकतो. नाही वाटलं तर दोन्ही मजकूर एकाखाली एक राहतील.

आत्या राहिलेल्या मुद्द्याकडे वळली. गरम पाणी सौर हीटरचं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की ते कोमटच येतं. जूनमध्येही एका पाहुण्याने हेच लिहिलं होतं आणि भाच्याने खाली ‘लक्ष घालतो’ असं उत्तर दिलं होतं.

भाचा : इथे मात्र आपली बाजू पडते. दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा शांतपणा कामाला येत नाही. माझं जूनचं उत्तरच आपल्याविरुद्ध साक्ष देतंय. लिहू का, ‘आता प्रत्येक न्हाणीघरात गीझर बसवला आहे’?

आत्या : बसवलाय कुठे?

भाचा : या आठवड्यात बसेलच की.

आत्या : ‘बसेल’ला ‘बसवला’ म्हणायचं नाही. आधी वायरमनला फोन लाव. उत्तर गीझर बसल्यावर टाक.

भाचा : तोवर तो एक तारा तसाच दिसत राहील.

आत्या : दिसू दे चार दिवस.